डेमरेजचा क्लेम करताना या चुका टाळा: रविवार कधी कापायचा, कधी नाही

माझ्याकडे डेमरेजची शीट चेक करायला आली की मी आधी बेरीज बघतच नाही, सरळ शेवटचे ४-५ दिवस बघतो. तिथे रविवार कापलेला दिसला की समजायचं, घोळ आहे. (कंटेनर उशिरा सोडवला म्हणून लागतं ते डेमरेज वेगळं बरं का, इथे अख्खं जहाज भाड्याने घेतलंय आणि माल उतरवायला उशीर झाला म्हणून मालकाला द्यायचे पैसे.)

समजायला एक हिशेब घेऊ, आकडे उदाहरणापुरते. मुंबईत जूनमध्ये २४,००० टन युरिया घेऊन जहाज आलं. करार जेनकॉन ९४ या जहाज भाड्याच्या छापील फॉर्मवर, रोज ३,००० टन उतरवायचा, पावसाचा वेळ आणि रविवार धरायचा नाही, रविवारी काम झालं तरी नाही. म्हणजे लेटाइम, माल उतरवायला करारात मिळालेला वेळ, ८ दिवस, १९२ तास. डेमरेज दिवसाला १४,००० डॉलर.

सोमवारी सकाळी १०:४० ला कॅप्टनने एनओआर दिली, म्हणजे जहाज तयार असल्याची नोटीस. बर्थ रिकामा नव्हता म्हणून जहाज बाहेर नांगरावरच उभं होतं. पहिली चूक इथेच होते, लोक घड्याळ बर्थला लागल्यापासून चालू करतात! या फॉर्ममध्ये बर्थ नसेल तर नांगरावरूनही नोटीस देता येते, आणि दुपारी १२ पर्यंत दिली तर त्याच दिवशी १ वाजता लेटाइम सुरू. हीच नोटीस १२:२० ला गेली असती तर मंगळवारी सकाळी ६ पासून, म्हणजे मालकाचे १७ तास, साधारण ९,९०० डॉलर गेले. पण जहाज खरंच तयार हवं. १९९० च्या 'मेक्सिको १' केसमध्ये दुसरा माल वर असल्यामुळे आपल्या मालापर्यंत पोचताच येत नव्हतं, तरी नोटीस देऊन टाकलेली, आणि नंतर वाट मोकळी झाल्यावर ती नोटीस आपोआप चालू होत नाही असं लंडनच्या कोर्टाने सांगितलं. म्हणून जरा जरी शंका असेल तर आधीच्या नोटीसचा हक्क राखून पुन्हा नोटीस द्या, फुकट असते.

आता तास मोजू. सोमवारचे ११, मंगळवार-बुधवारचे ४८, झाले ५९. गुरुवारी जहाज नांगरावरून बर्थला आणताना ४ तास गेले ते धरत नाहीत, म्हणून २०, एकूण ७९. शुक्रवारी ६ तास पाऊस, हॅच बंद, युरिया भिजला तर संपलं, म्हणून १८, एकूण ९७. शनिवार धरून १२१. रविवार शून्य. सोमवारी ५ तास पाऊस, १९, एकूण १४०. मंगळवार-बुधवार धरून १८८. उरले ४ तास, म्हणजे गुरुवारी पहाटे ४ वाजता लेटाइम संपला.

काम संपलं पुढच्या सोमवारी दुपारी ४ ला. मधे शनिवारी ९ तास पाऊस आणि एक रविवार. चार्टररचा, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याचा माणूस सवयीने हे ३३ तास कापतो आणि सव्वातीन दिवसांच्याही खाली, ४३,७५० डॉलरवर हिशेब आणून ठेवतो. पण लेटाइम संपला की त्याच्या सवलतीही संपल्या, करारात डेमरेजलाही लागू असं स्पष्ट लिहिलं नसेल तर पाऊस, रविवार, सण सगळं मोजायचं. धंद्यात म्हणतात ना, वन्स ऑन डेमरेज ऑलवेज ऑन डेमरेज, ते हेच. साडेचार दिवस, ६३,००० डॉलर. एका रविवार-पावसाने १९,२५० चा फरक!

मालकाकडचे लोक मग उलटी चूक करतात, आता काहीच कापायचं नाही असं धरून चालतात. जहाजाची स्वतःची क्रेन बंद पडली तर तो वेळ डेमरेजमधूनही जातो, फक्त प्रमाणात. त्या शनिवारी पाऊस थांबल्यावर ४ पैकी १ क्रेन ६ तास बंद होती, चारही लागत होत्या, तर दीड तास कापायचा, ६ नाही. ८७५ डॉलर वजा, क्लेम ६२,१२५.

हे सगळं उभं राहतं स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्सवर, म्हणजे कधी काय झालं याच्या वेळेसकट नोंदीवर, जो कागद पोर्टचा एजंट बनवतो आणि जहाज निघायच्या घाईत कॅप्टन सही ठोकतो. त्यात नुसतं "पावसामुळे काम बंद" असेल, कुठून कुठपर्यंत ते नसेल, किंवा क्रेनच्या नोंदीत किती क्रेन चालू होत्या ते नसेल, तर महिन्याभराने भांडायला हातात काही राहत नाही. न पटलेली नोंद असेल तर सही करतानाच शेजारी शेरा मारा.

आणि सगळ्यात वाईट चूक मुदतीची. जेनकॉन ९४ च्या छापील फॉर्ममध्ये डेमरेजच्या क्लेमला मुदत नाही, पण मागे जोडलेल्या रायडर क्लॉजमध्ये बऱ्याचदा असते, ६० किंवा ९० दिवस, "सर्व कागदपत्रांसह" असं लिहून. नुसतं इन्व्हॉइस वेळेत गेलं आणि नोटीसची कॉपी ९५ व्या दिवशी पाठवली तर चार्टरर बरोबर तेवढंच पकडतो, ६२,१२५ चा हिशेब कितीही चोख असला तरी.