पातळ थराचा शीट रेझिस्टन्स कसा मोजावा: दोन टोकं फसवतात, चार टोकं का फसवत नाहीत

आयटीओचा, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा, पारदर्शक थर दिलेली काच हातात आली की बहुतेक जण आधी मल्टीमीटर उचलतात. थर कोणत्या बाजूला आहे हे कळायला ते ठीकच आहे. ज्या बाजूला आकडा दिसेल ती थराची बाजू. गडबड होते ती त्या आकड्यालाच थराचा रोध मानल्यावर. मी पहिल्यांदा असंच केलं तेव्हा एकाच काचेवर ४१ ओहम दिसले, जरा दाबल्यावर ३४, आणखी दाबल्यावर २९. काच तीच, थर तोच. मग बदलत काय होतं?

आधी आपल्याला नेमकं काय मोजायचं आहे ते पाहू. थराचा एक चौरस तुकडा घ्या आणि त्याच्या समोरासमोरच्या दोन कडांमधला रोध मोजा. चौरस मोठा केला तर वाट लांबते, पण तेवढीच रुंदावतेही, त्यामुळे रोध तोच राहतो. म्हणून शीट रेझिस्टन्सचं एकक ओहम प्रति चौरस असं सांगतात. यातला चौरस म्हणजे चौरस सेंटीमीटर नव्हे, कुठलाही चौरस. पदार्थाच्या रोधकतेला थराच्या जाडीने भागलं की हाच आकडा मिळतो.

दोन टोकांचा घोळ

मल्टीमीटर ज्या दोन टोकांतून विद्युतधारा पाठवतो, त्याच दोन टोकांवर विभवांतर मोजतो. त्यामुळे तारांचा रोध, टोक आणि थर जिथे टेकतात तिथला संपर्करोध आणि थराचा स्वतःचा रोध हे सगळं एका आकड्यात मिसळून येतं. संपर्करोध दाबावर, टोकाच्या स्वच्छतेवर, पृष्ठभागावरच्या मळावर अवलंबून असतो. दाबल्यावर आकडा उतरत होता तो याच कारणाने.

पण संपर्करोध शून्य झाला असं समजलं तरी आकडा चुकतोच, आणि ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. टोकातून आलेली धारा थरात सगळीकडे पसरते. टोकाजवळ तिला अगदी अरुंद वाट असते, दूर गेल्यावर ऐसपैस. मोठ्या थरावर D अंतरावर ठेवलेल्या, r त्रिज्येच्या दोन टोकांमधला रोध R असा येतो, यात Rs म्हणजे थराचा शीट रेझिस्टन्स:

```
R = (Rs / π) × ln(D / r)
```

थराचा खरा शीट रेझिस्टन्स १५ ओहम प्रति चौरस आहे, टोकांची त्रिज्या ०.१ मिमी आहे आणि त्यांच्यात १० मिमी अंतर आहे असं धरा. उत्तर येतं सुमारे २२ ओहम. त्यातला अर्धा रोध तर दोन्ही टोकांभोवतीच्या जेमतेम १ मिमीच्या परिसरातच असतो. अंतर दुप्पट करून २० मिमी केलं तर रोध दुप्पट होत नाही, फक्त ३.३ ओहमनी वाढतो. म्हणजे आपण थर मोजतोय असं वाटत असताना बराचसा भाग आपण आपल्याच टोकाची त्रिज्या मोजत असतो. आणि ती त्रिज्या कुणाला ठाऊक असते?

चार टोकं काय वेगळं करतात

चार टोकं एका रेषेत, सारख्या अंतरावर ठेवायची. बाहेरच्या दोघांतून धारा पाठवायची, आतल्या दोघांवर फक्त विभवांतर मोजायचं. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम, म्हणजे १० मेगाओहम असतो, त्यामुळे आतल्या टोकांतून धारा जवळजवळ जातच नाही. जिथे धारा नाही तिथे संपर्करोधावर विभवही पडत नाही. बाहेरच्या टोकांचा संपर्करोध आहे तसाच राहतो आणि टोकाजवळची ती अरुंद वाटही तशीच राहते, पण दोन्ही आपल्या मोजणीच्या बाहेर पडतात.

जमिनीची रोधकता मोजण्यासाठी फ्रँक वेनर यांनी १९१५च्या सुमारास ही रचना मांडली. १९५४ मध्ये वाल्डेस यांनी ती जर्मेनियमसाठी वापरली आणि १९५८ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या स्मिट्स यांनी पातळ थरांसाठी दुरुस्तीची कोष्टकं दिली. मोठ्या, पातळ थरासाठीचं सूत्र असं आहे, यात V म्हणजे आतल्या टोकांवरचं विभवांतर आणि I म्हणजे बाहेरच्या टोकांतून जाणारी धारा:

```
Rs = (π / ln 2) × V / I = 4.532 × V / I
```

या सूत्रात टोकांमधलं अंतर येतच नाही. अंतर १ मिमी असो की अडीच, आकडा ४.५३२च. मात्र तिन्ही अंतरं एकमेकांना सारखी हवीत.

जुळणी

तयार प्रोब हेड नसेल तर २.५४ मिमी अंतरावर भोकं असलेल्या परफबोर्डवर चार पोगो पिना सोल्डर करा. पोगो पिना म्हणजे स्प्रिंग असलेल्या पिना. गोल टोकाच्या घ्या, भाल्यासारख्या टोकदार पिना मऊ थर फाडून खाली जातात. बोर्ड काचेला समांतर खाली आला पाहिजे, नाहीतर तीन पिना टेकतात आणि चौथी हवेत राहते.

बाहेरच्या पिनांच्या मंडलात ९ व्होल्टची बॅटरी, १.८ किलोओहमचा रोधक आणि मिलिअँपिअरवर ठेवलेला मल्टीमीटर एकापाठोपाठ जोडा. आतल्या पिनांवर दुसरा मल्टीमीटर, २०० मिलिव्होल्टवर. स्थिर धारेचा महागडा स्रोत लागत नाही. संपर्करोध बदलला तर धारा थोडी बदलेल, पण ती आपण मोजतोच आहोत.

काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या. पिना काचेच्या बरोबर मध्यावर, कडेला समांतर टेकवा आणि स्प्रिंग अर्धी दबेल एवढाच दाब द्या. दोन्ही मीटर एकाच वेळी वाचा. मग बॅटरीची टोकं उलटी जोडून पुन्हा वाचा. हा उलटा फेरा आळसाने टाळू नका. दोन वेगळे धातू वेगळ्या तापमानाला टेकले की तिथे छोटासा विभव स्वतःहून तयार होतो. धारा उलटली तरी तो उलटत नाही, म्हणून दोन वाचनांच्या सरासरीत निघून जातो.

एक मोजणी, आकड्यांसह

५० मिमी बाजूची चौरस काच, पिनांचं अंतर २.५४ मिमी, धारा ४.७२ मिलिअँपिअर. सरळ जोडणीत १६.० मिलिव्होल्ट, उलट्या जोडणीत उणे १५.८. चिन्ह सोडून सरासरी १५.९ मिलिव्होल्ट. १५.९ भागिले ४.७२ म्हणजे ३.३७ ओहम.

आता याला सरळ ४.५३२ने गुणायचं नाही, कारण ते सूत्र कडा नसलेल्या थराचं आहे. आपल्या काचेला कडा आहेत. धारेला पसरायला जागा कमी, म्हणून विभवांतर थोडं जास्त येतं. बाजू आणि पिनांचं अंतर यांचं गुणोत्तर २०च्या जवळ असलेल्या चौरस नमुन्याच्या मध्यावर गुणक ४.४५ येतो. गुणोत्तर १० असेल तर ४.२२, आणि ४० असेल तर ४.५१. आपल्यासाठी ३.३७ गुणिले ४.४५ म्हणजे १५.० ओहम प्रति चौरस. हीच काच मल्टीमीटरने २९ ते ४१ दाखवत होती.

थराची जाडी माहीत असेल, समजा १५० नॅनोमीटर, तर रोधकता १५ गुणिले १.५ × १०⁻⁵ सेंमी, म्हणजे २.२५ × १०⁻⁴ ओहम-सेंमी. चांगल्या आयटीओला शोभेल असा आकडा आहे. जाडी चुकीची असेल तर रोधकताही तेवढीच चुकेल, शीट रेझिस्टन्सला मात्र त्याने काही होत नाही.

बिघाड कसा ओळखावा

पहिली परीक्षा: रोधक बदलून धारा निम्मी करा. V/I तोच आला पाहिजे. नाही आला तर पिनांखाली थर तापतोय, किंवा एखादी पिन नीट टेकलेली नाही. व्होल्टमीटरचा आकडा सतत भटकत असेल तर बहुधा आतली एखादी पिन हवेत आहे.

दुसरी परीक्षा मला जास्त आवडते. काच न हलवता जोडणी बदला: पहिल्या आणि तिसऱ्या पिनेतून धारा, दुसऱ्या आणि चौथ्या पिनेवर विभवांतर. आधीच्या जोडणीचा V/I भागिले या जोडणीचा V/I हे गुणोत्तर १.२६च्या आसपास यायला हवं. मधल्या दोन पिनांमधलं अंतर इतरांपेक्षा १० टक्क्यांनी मोठं झालं असेल, म्हणजे अवघं पाव मिलिमीटर, तर शीट रेझिस्टन्स ७ टक्के जास्त दिसतो आणि हे गुणोत्तर १.२१वर घसरतं. नुसता १६ ओहमचा आकडा पाहून ही चूक कधीच कळली नसती.

पिनांची रांग काचेच्या अगदी कडेवर ठेवली तर अर्धाच थर धारेच्या वाट्याला येतो आणि वाचन जवळपास दुप्पट होतं. म्हणून काचेवर वेगवेगळ्या जागी मोजून थर सगळीकडे सारखा आहे का ते पाहताना, कडेजवळ वाढलेला आकडा लगेच थराच्या माथी मारू नका.

थराखालचा पदार्थ विद्युतरोधक हवा. धातूवर किंवा ऑक्साइडचा थर नसलेल्या सिलिकॉनवर धारा खाली उतरून निघून जाते आणि आकडा फसवा कमी येतो. अर्धवाहक थर असेल तर उजेडाने वाचन बदलतं, झाकण घालून मोजा.

आणि थराचा शीट रेझिस्टन्सच मेगाओहममध्ये असेल तर वरची जुळणी बाद. आतल्या पिनांना दिसणारा रोध आता व्होल्टमीटरच्या १० मेगाओहमशी बरोबरी करू लागतो, त्यामुळे धारा मीटरमधूनही वळते. अशा थरावर समोरासमोरच्या दोन कडांना चांदीच्या पेस्टचे पट्टे ओढून साधी दोन टोकांची मोजणी करणं जास्त बरं. पट्ट्यांमुळे धारा सरळ समांतर वाहते, टोकाजवळची अरुंद वाट उरत नाही, आणि काही ओहमचा संपर्करोध मेगाओहमपुढे दिसतही नाही.