‘गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो’: असा फॉरवर्ड कसा तपासायचा

हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. पेल्यात नारळाचे दोन-तीन पातळ काप टाका, वर गरम पाणी ओता, पाणी ‘अल्कलाइन’ होतं, रोज प्या. कॅन्सरच्या पेशी मरतात, चांगल्या पेशींना धक्काही लागत नाही. खाली टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव, आणि दहा जणांना पाठवलंत तर निदान एक जीव वाचेल, असा हिशेब.

मेसेजच्या वर दोन बाण दिसले, तर तो निदान पाच हात फिरून तुमच्यापर्यंत आलेला आहे. म्हणजे पाठवणाऱ्या मावशीने तो लिहिलेला नाही, तेव्हा तिच्याशी भांडू नका. तपासायचा तो मजकूर.

सुरुवात नावापासून करा, कारण ते सर्वात लवकर तपासता येतं. डॉक्टर खरे असले म्हणून वाक्य त्यांचं असतंच असं नाही. डॉक्टरांचं नाव, पदार्थाचं नाव आणि ‘खुलासा’ असं एकत्र शोधा, आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा बातम्यांत काय आहे ते पाहा. डॉ. बडवे यांचं नाव खरं आहे, ते टाटा मेमोरियलमध्ये मोठ्या पदावर होते. पण 2019 मध्येच रुग्णालयाने खुलासा केला होता की हा सल्ला त्यांचा नाही. तरीही मेसेज थांबला नाही.

आता मजकुरातून ‘नारळ’ काढा आणि उरलेलं वाक्य शोधून पाहा. मला ही युक्ती सर्वात आवडते. तेच काप, तोच पेला, तेच गरम पाणी, तेच दहा जण. फक्त नारळाच्या जागी लिंबू. ती आवृत्ती बीजिंगच्या लष्करी रुग्णालयातल्या एका प्राध्यापकाच्या नावावर फिरत होती. अननसाचीही आहे. तीन वेगळ्या फळांचा गुण शब्दशः एकच निघतो, तेव्हा समजायचं की साचा आधी तयार होता आणि फळ नंतर भरलं गेलं.

यानंतर ‘कसं’ हा प्रश्न विचारा. मेसेज म्हणतो, अल्कलाइन पाण्यामुळे. पण पोटात गेलेलं कुठलंही पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात मिसळतं. पुढे रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे हे सांगणारा आकडा, 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. खाण्यापिण्याने लघवीचा पीएच बदलतो, रक्ताचा जवळजवळ नाही. तो खरंच पट्ट्याबाहेर गेला, तर माणूस आजारी पडतो. म्हणजे मेसेजमधली यंत्रणाच शरीरात चालत नाही.

इथे एखादे काका हमखास म्हणतात, “पण औषधं झाडांपासूनच येतात ना?” बरोबर आहे, आणि याचं उदाहरण आपल्या कुंडीतच असतं. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळतं. रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही वापरतात. पण ते पानांतून वेगळं काढून, शुद्ध करून, शिरेतून देतात. प्रौढ माणसालाही एका वेळी बहुधा दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. जास्त झालं तर मज्जातंतूंना इजा होते. म्हणून सदाफुलीची पानं चावणं हा उपचार नाही, ते विषारी आहे. ‘अमुक पदार्थाने पेशी मेल्या’ असं वाचलं, तर पेशी कुठे होत्या ते पाहा: काचेच्या बशीत, उंदरात की माणसात. बशीतल्या पेशी मिठाच्या तीव्र पाण्यानेही मरतात. माणसांवर चाचणी झाली असेल, तर किती जणांवर, कोणत्या कॅन्सरवर, किती मात्रेने आणि कशाशी तुलना करून, हे लिहिलेलं असतं. आपल्या मेसेजमध्ये तर कॅन्सर कोणता, हेही नाही. स्तनाचा आणि रक्ताचा कॅन्सर यांचे उपचारही एक नसतात.

शेवटी, प्यायल्याने कोणाला अपाय होईल का, हे पाहा. दोन काप टाकलेलं पाणी बहुतेकांना बाधणार नाही. पण वाचणारा माणूस सरळ शहाळी आणतो, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील, तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याहून मोठा धोका उपचार पुढे ढकलण्याचा. गाठ लागली असताना ‘महिनाभर हे करून बघू’ म्हटलं, तर तो महिना परत मिळत नाही.

मी मावशीला ग्रुपवर उत्तर दिलं नाही, फोन केला. “टाटावाल्यांनीच हे आपलं नाही म्हणून सांगितलंय,” एवढंच म्हटलं आणि विचारलं, “कुणासाठी पाठवलंस?” शेजारच्या वहिनींच्या छातीत गाठ लागली होती, आणि त्या अजून डॉक्टरकडे गेल्या नव्हत्या. मग आमचं बोलणं नारळावरून हललं आणि सोनोग्राफी कधी, यावर आलं.