वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही फॉर्म १६ घ्या

फॉर्म १६ म्हणजे कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला. पहिल्या रिटर्नमध्ये एकच फॉर्म १६ भरला की गडबड होते. समजा, २०२५-२६ मध्ये सहा महिने साताऱ्यात आणि सहा महिने कुपवाडला नोकरी, दोन्हीकडे पगार ७-७ लाख. साताऱ्याच्या कंपनीने वर्षाचे १४ लाख धरून ४०,९५० रुपये कापले. कुपवाडने फक्त आपले ७ लाख पाहिले, कापले शून्य. नव्या करप्रणालीत ७५,००० ची वजावट एकदाच मिळते, म्हणून उत्पन्न १३.२५ लाख आणि कर ८१,९०० रुपये. उरलेले ४०,९५० व्याजासह रिटर्नच्या आधी भरा. आयकर पोर्टलवर तुमचं उत्पन्न आणि कापलेला कर दाखवणाऱ्या एआयएस आणि २६एएस या विवरणांमध्ये दोन्ही कंपन्यांचे आकडे जुळतात का, तेही पाहा. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं. हेच बहुतेक जण विसरतात.