शीर्षकं, टेम्प्लेट आणि मेटाडेटा: माझ्या जागी येणाऱ्यांनी या चुका टाळा

नमस्कार,

शुक्रवार हा माझा इथला शेवटचा दिवस. तुम्ही सोमवारी रुजू होताय, म्हणजे समोरासमोर बसून बोलणं होणार नाही. कामाची शीट तुम्हाला मिळालेली असेलच. कोणता लेख कुठे अडकलाय ते त्यात आहे, पण तो तसा का अडकला ते त्यात नाही. ते इथे लिहिते.

आपली साइट शेतीची आहे आणि वाचक मोबाइलवर, बहुतेक वेळा शेतात उभं राहून वाचतो. म्हणून शीर्षकाचा क्रम ठरलेला आहे: आधी पीक, मग प्रश्न, मग लेखात काय मिळेल ते. ‘सोयाबीनवरील पिवळा मोझॅक: ओळख आणि लक्षणे’ हे बरोबर. ‘शेतकऱ्यांसाठी महत्त्वाची बातमी! सोयाबीनवर आला हा रोग’ हे चूक, कारण गूगलवर शीर्षक रुंदीने कापलं जातं आणि मोबाइलच्या पडद्यावर पिकाचं नाव येण्याआधीच जागा संपू शकते. ‘संपूर्ण माहिती’ आणि ‘जाणून घ्या’ हे शब्द मी शीर्षकातून काढून टाकत आले आहे. ते परत येऊ देऊ नका.

प्रश्न शेतकऱ्याच्या शब्दात हवा, पण दोन वेगळे प्रश्न एका शब्दात गुंडाळू नका. लोक शोधताना ‘सोयाबीन पिवळं पडतंय’ असं टाकतात. चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता झाली तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर वेडेवाकडे पिवळे-हिरवे चट्टे येतात, आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. मागे एका लेखाला ‘सोयाबीन पिवळे पडणे: उपाय’ एवढंच शीर्षक होतं आणि आत फक्त पांढऱ्या माशीची फवारणी होती. ज्याच्या शेतात लोहाची कमतरता आहे, त्याने तो वाचून कीटकनाशक मारलं तर पैसे वाया आणि पीक तसंच पिवळं. तो लेख मी दोन भागांत तोडला. असं शीर्षक दिसलं की आधी मजकूर वाचा, मग शीर्षकाला हात लावा.

आता स्लग, म्हणजे लेखाच्या पत्त्याचा शेवटचा तुकडा. मराठी शीर्षक टाकलं की वर्डप्रेस स्लग आपोआप देवनागरीत बनवतं, आणि घोळ तिथे होतो. स्लगसाठी डेटाबेसमध्ये २०० अक्षरांची जागा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरं खातं. ‘स’ तिथे `%e0%a4%b8` असा साठवला जातो. काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं, त्यामुळे सगळी मिळून साधारण २२ चिन्हं मावतात आणि पुढचं शीर्षक न विचारता कापलं जातं.

आपल्याकडे पिवळ्या मोझॅकवर तीन लेख आहेत: ओळख, नियंत्रण आणि प्रतिकारक वाण. तिन्हींची शीर्षकं ‘सोयाबीनवरील पिवळा मोझॅक’ अशी सुरू होतात. ‘सोयाबीनवरील’ची ११ चिन्हं, ‘पिवळा’ची ५, ‘मोझॅक’ची ५. दोन जोडरेघा धरून १९१ अक्षरं झाली. पुढे एक रेघ टाकली की आठच उरतात आणि एका चिन्हाला नऊ लागतात. म्हणजे तिन्ही लेखांचा स्लग ‘मोझॅक’वर संपला आणि वर्डप्रेसने दुसऱ्याला `-2`, तिसऱ्याला `-3` चिकटवलं. कोणता पत्ता कशाचा हे आतल्या लिंका देणाऱ्यालाही कळेना, आणि नियंत्रणाच्या जागी वाणांच्या लेखाची लिंक गेली. कपाशीचं तर आणखी वाईट आहे. ‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळी’ बरोबर २०० अक्षरं भरतं. दुसऱ्या लेखाला `-2` लावायला जागाच नाही, म्हणून वर्डप्रेसने शेवटची वेलांटी खाल्ली आणि स्लग झाला ‘बोंडअळ-2’.

म्हणून स्लग नेहमी हाताने, रोमन अक्षरांत, प्रकाशित करण्याआधी: `soybean-yellow-mosaic-niyantran`. मोझॅकचे तीन मी बदलले आहेत, बोंडअळीचे दोन तुमच्यासाठी बाकी आहेत. प्रकाशित लेखाचा स्लग बदलला की वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्यावर पोचवतं. ही सोय पोस्टना आहे, ‘पेज’ प्रकाराला नाही. आणखी एक खाच आहे. जुना पत्ता मोकळा झाल्यावर कुणी त्याच शब्दांनी सुरू होणारा नवा लेख आपोआप स्लगवर सोडला, तर तो पत्ता नव्या लेखाला मिळतो आणि जुन्या लिंका तिकडे वळतात. त्यामुळे स्लग बदलल्यावर जुनी लिंक खाजगी विंडोत उघडून बघा, आणि महिन्याभराने पुन्हा एकदा बघा.

टेम्प्लेटमधल्या दोन चुका पटकन सांगते. योस्ट या एसईओच्या प्लगइनमध्ये शीर्षकाचा साचा असा आहे:

```
%%title%% %%page%% %%sep%% %%sitename%%
```

साइटचं नाव साचाच लावतो. लेखाच्या शीर्षकात ते हातानेही लिहिलं की गूगलसमोर दोनदा जातं. दुसरं, रोगांच्या लेखांसाठी जो तयार ड्राफ्ट आपण कॉपी करतो, त्याच्या सारांशाच्या चौकटीत ‘येथे दोन ओळींत सारांश लिहा’ असं आहे. ते तसंच राहिलं की मेटा डिस्क्रिप्शन तेच होतं. सात लेखांत राहिलं होतं, चार दुरुस्त केले. उरलेले तीन शीटमध्ये पिवळ्या रंगात आहेत.

तिसऱ्या चुकीवर मात्र थांबायला हवं. साच्यात `%%currentyear%%` कधीही घालू नका. हमीभावाच्या लेखांना ते लावलेलं होतं, म्हणजे दर १ जानेवारीला शीर्षकातलं साल आपोआप पुढे सरकायचं. सोयाबीनच्या लेखात २०२४-२५ चा भाव होता, क्विंटलला ४,८९२ रुपये. जानेवारीत शीर्षक ‘सोयाबीन हमीभाव 2025’ झालं, आत ४,८९२ तसेच. मेअखेरीला केंद्राने २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये जाहीर केले आणि आपलं शीर्षक नव्या सालाचं, आकडा जुना, असं दिसत राहिलं. क्विंटलमागे ४३६ रुपयांचा फरक. आपला लेख वाचून कुणी व्यापाऱ्याशी बोलायला गेला असेल, हे मला आजही टोचतं. हमीभाव हंगामाचा असतो, कॅलेंडरच्या वर्षाचा नसतो. म्हणून शीर्षकात हंगाम हाताने लिहा, ‘सोयाबीन हमीभाव २०२४-२५’, आणि नवा भाव आला की आकडा आणि शीर्षक एकाच बैठकीत बदला. सोयाबीन, तूर आणि कापूस झाले. हरभऱ्याचा साचा अजून तसाच आहे. तो पहिल्या दिवशी काढा.

आता सगळ्यात मोठं बाकी काम. एका वाचकाने कळवलं की साइटवर ‘शेतकऱ्यांसाठी’ शोधलं तर ठिबक अनुदानाचा लेख येत नाही, आणि शीर्षकात तर तो शब्द धडधडीत आहे. मी शब्द टाइप करून पाहिला, लेख नाही. शीर्षकातून कॉपी करून शोधला, लगेच आला. डोळ्याला दोन्ही अगदी सारखे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये दोन्हींतला ‘ऱ्य’ असा उलगडून पाहिला:

```
[..."ऱ्य"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

मी टाइप केलेल्याचं उत्तर आलं `931 94d 92f`. शीर्षकातल्याचं आलं `930 94d 200d 92f`. पहिल्यात ‘ऱ’ हे खरं स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा ‘र’ आहे आणि त्याला अदृश्य जोडचिन्ह लावून तसा दाखवलाय. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आलेल्या मजकुरात हे दुसरं रूप आम्हाला वारंवार सापडलं. साइटचा शोध चिन्हागणिक जुळवतो, म्हणून त्याला हे दोन वेगळे शब्द वाटतात. टॅगांतही तेच झालंय: ‘शेतकऱ्यांसाठी योजना’ हा टॅग दोन आहेत आणि लेख दोघांत विभागले गेलेत. याच जातीच्या आणखी दोन जोड्या आहेत. ‘ॲ’ हे एक अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं दुसरं. ‘ऑ’ एक आणि ‘आ’वर चंद्र दिलेलं दुसरं.

मजकूर तपासून हे हाताने दुरुस्त करत बसू नका, डोळ्याला फरक दिसतच नाही. आधी बॅकअप, मग स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या नकलेवर, ही आज्ञा:

```
wp search-replace $'\u0930\u094d\u200d' $'\u0931\u094d' \
  wp_posts wp_postmeta wp_terms --skip-columns=guid --dry-run
```

`--dry-run` असेपर्यंत काहीच बदलत नाही, फक्त किती ठिकाणी बदलेल ते दिसतं. अक्षरं मुद्दाम कोडने लिहिली आहेत, कारण पेस्ट करताना कोणतं रूप आलं ते कळत नाही. हीच आज्ञा `\u0905\u0945` च्या जागी `\u0972` आणि `\u0906\u0945` च्या जागी `\u0911` घालून पुन्हा चालवायची. `wp_postmeta` विसरू नका, योस्टची हाताने लिहिलेली शीर्षकं आणि डिस्क्रिप्शन तिथे असतात. शिवाय योस्ट स्वतःची एक नक्कल `wp_yoast_indexable` मध्ये ठेवतं. ती ताजी केली नाही तर पानाच्या सोर्समध्ये जुनंच शीर्षक दिसतं आणि काम फसलं असं वाटतं. त्यासाठी:

```
wp yoast index --reindex
```

स्टेजिंगवर मी `wp_posts` पर्यंत पोचले. तिथे ‘ऱ्य’बरोबर ‘कऱ्हाड’ आणि ‘ऱ्हास’ही सुधारले, कारण आज्ञेत ‘य’ धरलेला नाही. पोस्टमेटा, टॅग आणि लाइव्ह साइट बाकी आहे. जुळे टॅग एकत्र करायचं काम आज्ञेने होत नाही. आधी लेख एका टॅगवर न्या, मग दुसरा काढा. उलटं केलंत तर त्या लेखांना टॅगच उरणार नाही.

लाइव्हवर चालवाल तेव्हा रात्री दहानंतर चालवा. सकाळी सहा ते नऊ बाजारभावाची पानं सतत अपडेट होत असतात, तेव्हा डेटाबेसला हात नको. झाल्यावर ‘शेतकऱ्यांसाठी’ स्वतः टाइप करून शोधा. ठिबक अनुदानाचा लेख आला तर शीटमधल्या १४व्या ओळीपुढे ‘झालं’ लिहा. त्या वाचकाला मी कळवेन म्हणून शब्द दिला होता. त्यांचा मेल ‘वाचक’ फोल्डरमध्ये सगळ्यात वर आहे, तेवढं त्यांना कळवा.