परीक्षेतील कॉपी रोखण्याच्या बैठकीचे इतिवृत्त लिहिताना या चुका टाळा

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी बरीच वर्षे शिक्षकसभेचे इतिवृत्त लिहिते आहे. एका सत्र परीक्षेआधी मी लिहिले होते : ‘परीक्षेच्या काळात स्वच्छतागृहांवर लक्ष ठेवावे, असे सर्वानुमते ठरले.’ वाक्य सभेत वाचून झाले, सह्या झाल्या. गणिताच्या पेपराला मुलांच्या स्वच्छतागृहात फ्लशच्या टाकीमागे पुस्तकाची फाडलेली पाने सापडली.

लक्ष कोण ठेवणार होते? मुख्याध्यापिकांना वाटले, त्या मजल्यावरचे पर्यवेक्षक. पर्यवेक्षकांना वर्ग सोडता येत नाही, म्हणून त्यांनी ते शिपायाचे काम धरले होते. शिपाई तर त्या सभेला नव्हताच. त्याला कोणी काही सांगितलेही नव्हते.

‘ठेवावे’, ‘करावे’, ‘घ्यावे’ या क्रियापदांनी वाक्य पूर्ण होते, पण ते करणारा माणूस त्यात कुठेच येत नाही. निर्णय लिहून झाला की प्रत्येक ओळीला ‘कोणी?’ असे विचारावे. ‘परीक्षा समिती’ हे त्याचे उत्तर नव्हे. समितीत पाच जण असतील, तर प्रत्येकाला बाकीचे चौघे बघतील असे वाटते. एकाचेच नाव लिहा, आणि तो रजेवर गेला तर बदली कोण, तेही. जबाबदारी सभेला नसलेल्या माणसाची असेल, तर त्याला लेखी सूचना कोण आणि कधी देणार, हा वेगळा निर्णय म्हणून लिहा.

पुढच्या परीक्षेला तोच निर्णय मी असा लिहिला : ‘रोज पेपराआधी सकाळी ९.०० वाजता आणि पेपर चालू असताना दर अर्ध्या तासाने मुलांचे स्वच्छतागृह शारीरिक शिक्षणाचे सर व मुलींचे चित्रकलेच्या बाई तपासतील. वेळ लिहून वहीत सही करतील. वही परीक्षाप्रमुखांकडे रोज पेपर संपल्यावर देतील.’ इतिवृत्तात दोघांची नावेच होती. इथे ती मुद्दाम दिलेली नाहीत. वहीमुळे काम झाले की नाही ते त्याच दिवशी कळते. एखादा रकाना कोरा दिसला, तर दुसऱ्या पेपरापूर्वी विचारता येते.

मुदतीच्या बाबतीत ‘परीक्षेपूर्वी’ हा शब्द सर्वांत जास्त फसवतो. समजा, पहिला पेपर सोमवार, १३ ऑक्टोबरला आहे आणि शेजारच्या मुलांना प्रश्नांचा क्रम बदललेले दोन संच द्यायचे ठरले आहे. मग तारखा मागून मोजा. पाकिटे सीलबंद व्हायची शुक्रवारी, १० तारखेला. छपाईला दोन दिवस, म्हणजे मजकूर ८ तारखेला सकाळी हातात हवा. तपासणी आणि दुरुस्तीला चार-पाच दिवस धरले, तर विषयशिक्षकांची मुदत येते २ किंवा ३ तारखेला. पण २ ऑक्टोबरला गांधी जयंती. म्हणून लिहायचे : ‘बुधवार, १ ऑक्टोबर, दुपारी १ वाजेपर्यंत, बंद पाकिटात, परीक्षाप्रमुखांच्या हाती.’ आपल्याकडे चवथीच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या पहिल्या सत्रात येतात. कॅलेंडर समोर ठेवल्याशिवाय तारीख लिहू नये. रोजच्या कामाला मात्र तारीख पुरत नाही, वेळ लागते.

सभेतली चर्चाच निर्णय म्हणून लिहिली जाते, ही आणखी एक चूक. ‘विषयशिक्षकाने स्वतःच्या पेपराला पर्यवेक्षण करू नये, असे मत मांडण्यात आले.’ मग ठरले काय? नाकारलेली सूचनाही ‘अमान्य’ म्हणून नोंदवा, नाहीतर तीच चर्चा पुन्हा होते.

एका सभेत कोणीतरी म्हणाले, कॉपी करणाऱ्यांवर सार्वजनिक परीक्षांतले गैरप्रकार रोखणाऱ्या २०२४च्या केंद्रीय कायद्याखाली कारवाई होईल असे लिहा. मी थांबवले. तो कायदा यूपीएससी, रेल्वे, बँक भरती, एनटीए यांच्या परीक्षांसाठी आहे. त्यातला ‘एसएससी’ म्हणजे कर्मचारी निवड आयोग, आपली दहावी नव्हे. शाळेच्या परीक्षेला शाळेचे नियम आणि मंडळाच्या परीक्षेला पर्वरीच्या मंडळाचे नियम, एवढेच लिहावे.

संशयित मुलाचे नाव इतिवृत्तात येता कामा नये, ही माझी ठाम भूमिका आहे. ‘दहावी ब मधला अमुक नेहमी कॉपी करतो’ ही ऐकीव गोष्ट सही झालेल्या कागदावर कायमची राहते. प्रत्यक्ष सापडलेल्या मुलाची नोंद त्या घटनेच्या वेगळ्या अहवालात होते, त्याचे म्हणणे लिहून घेऊन. अचानक तपासणीची वेळ आणि पर्यवेक्षकांचे वाटपही व्हॉट्सॲपवर जाणाऱ्या प्रतीत नको. त्याचा वेगळा कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा आणि इतिवृत्तात ‘जोडपत्र १, गोपनीय’ एवढेच लिहावे.

परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या सभेत मी तेच निर्णय क्रमाने वाचते आणि प्रत्येकापुढे ‘झाले’, ‘अर्धवट’ किंवा ‘झाले नाही’ लिहून घेते. आधीच्या इतिवृत्तात चूक सापडली तर खाडाखोड करत नाही. दुरुस्ती या सभेच्या पहिल्या विषयात नोंदवते.