कॉस्टिक सोड्याचं लेबल अरबीत नेताना: वाक्याआधी कोड वाचा

ड्रमच्या लेबलचा फोटो आला की आधी झूम करून धोका सांगणारे H आणि खबरदारी सांगणारे P चे कोड टिपून घ्या. कॉस्टिक सोड्यावर `H314` असतो: त्वचा गंभीर भाजते, डोळ्यांना इजा होते. फोटो धूसर असेल तर शेवटचा 4 सहज 5 वाटतो, आणि `H315` म्हणजे नुसती त्वचेची जळजळ. म्हणून सिग्नल शब्दाशी ताडून पाहा. `H314` सोबत 'डेंजर' येतं, अरबीत 'खतर'. एकट्या `H315` ला 'वॉर्निंग', म्हणजे 'तहज़ीर'. जोडी जुळली नाही तर दुसरा फोटो मागवा, अंदाज नको.

वाक्यं स्वतः रचू नका. रसायनांच्या लेबलांचे नियम देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस दस्तऐवजाची अरबी आवृत्ती आहे, कोडसमोरचं वाक्य तिथूनच उचला. `P301+P330+P331` मध्ये गिळल्यास तोंड धुवा, उलटी करवू नका असं आहे. यातला नकार फोटोत लेबलच्या घडीत किंवा चकाकीत लपला, तर सूचना नेमकी उलटी होते.

अरबी मजकुरात `5-10` पडद्यावर बऱ्याचदा `10-5` दिसतं. मी तिथे 'मिन' आणि 'इला', म्हणजे 'पासून' आणि 'पर्यंत', अक्षरांत लिहितो.