निजण्याआधी दहा मिनिटं: स्वतःच्या मरणाचं ध्यान कसं करावं

'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो झाला सोहळा अनुपम्य ॥' हा तुकोबांचा अभंग पुण्यात बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. पण मरण 'पाहायचं' म्हणजे बसून नेमकं करायचं काय, हे अभंगात नाही. तिथे आहे तो अनुभव. पद्धत सापडते ती पाली ग्रंथांत. बुद्धाच्या उपदेशांचा एक संग्रह म्हणजे अंगुत्तर निकाय. त्यात मरणस्मृतीवरची, म्हणजे मरणाची आठवण ठेवण्यावरची, दोन छोटी सुत्तं, म्हणजे प्रवचनं, लागोपाठ येतात. दोन्ही बुद्धाने नादिक गावी, विटांच्या निवासात सांगितलेली. त्यातल्या दुसऱ्या सुत्तातली रीत संसारी माणसाला घरी करता येण्याजोगी आहे, म्हणून इथे तीच घेतो. स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांचं आणि समर्थांचं एकेक वाक्य ओघात जोडलं आहे, कारण ती वाक्यं या पद्धतीत नेमकी बसतात.

आधी एक पथ्य. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, ज्यांना नैराश्य आहे किंवा जीव नकोसा वाटण्याचे विचार येतात, त्यांनी हे करू नये. ही माझी पदरची भीती नाही. वैशालीत काही भिक्षू देहाच्या किळसवाणेपणाचं ध्यान करताना इतके खचले की त्यांनी जीव दिले. ते कळल्यावर बुद्धाने उरलेल्यांना श्वासावरचं ध्यान दिलं, असं विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथातच, नोंदलेलं आहे. असे विचार येत असतील तर घरच्या माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोला. १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन मराठीतही बोलते.

बसणं

रात्री जेवण आणि आवराआवर झाल्यावर, अंथरुणाला पाठ टेकण्याआधी बसा. खुर्ची चालते. दिवा चालू ठेवा. अंथरुणात पडून, अंधारात हे करायला गेलं की एक तर झोप लागते, नाही तर भीती वाढते. दहा मिनिटं पुरेत. पहिली दोन-तीन मिनिटं फक्त श्वास येतो-जातो तिकडे लक्ष ठेवा.

कारणं मोजणं

मग सुत्तातला भिक्षू करतो ते करा. दिवस मावळून रात्र झाली की तो स्वतःला सांगतो: मला मरण यायला कारणं पुष्कळ आहेत. साप चावेल, विंचू चावेल, घसरून पडेन, खाल्लेलं बाधेल, पित्त किंवा कफ खवळेल. ही यादी चक्क रोजच्या वापरातली आहे, आणि म्हणूनच उपयोगाची. तुम्ही तुमच्या रोजच्यातली करा: सिंहगड रोडवरून दुचाकीने येणं, न्हाणीघरातली ओली फरशी, घरात वडिलांना आणि काकांना झालेला हृदयविकार. तीन-चार कारणं झाली की थांबा.

इथे चित्र रंगवायचं नाही. आपण आयसीयूत आहोत, बायको रडते आहे, वैकुंठ स्मशानात विद्युतदाहिनीचं दार उघडतंय, असं काही डोळ्यांसमोर आणू नका. बरेच जण 'ध्यान' म्हटल्यावर नेमकं हेच करतात आणि दहा मिनिटं स्वतःच्या अंत्यविधीचे प्रेक्षक होऊन बसतात. सुत्तात असं एकही दृश्य नाही. तिथे कारणं आहेत आणि लगेच पुढे एक प्रश्न आहे.

प्रश्न

प्रश्न असा: आज रात्रीच मेलो, तर मला आड येईल असं काही अकुशल अजून माझ्यात उरलं आहे का? अकुशल म्हणजे राग, हाव, मत्सर, खोटेपणा असलं, मनातलं.

या प्रश्नाचा रोख नीट पाहा. 'माझं काय करायचं राहिलं?' असं तो विचारत नाही. हल्ली मरणाच्या विचाराला जोडून मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी येते: केदारनाथ, नॉर्दर्न लाइट्स, गिटार. यादी वाईट नाही, पण ती या ध्यानात घुसली की ध्यानाची वाट लागते. कारण यादीला नेहमी आणखी वेळ हवा असतो, आणि इथे तर वेळ नाही असं धरूनच बसलो आहोत. म्हणून प्रश्न तुमच्या आत्ताच्या मनाबद्दल आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन बघू. समजा, कोथरूडमध्ये राहणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. वडिलांची सदाशिव पेठेतली दोन खोल्यांची जागा विकली गेली, तेव्हा भावाने आपल्याला कमी दिलं असं त्यांना वाटतं. दोघांचं बोलणं आता लग्नकार्यापुरतंच.

पहिल्या रात्री त्यांना उत्तर येतं: मृत्युपत्र केलेलं नाही, बँकेत नॉमिनी जुनाच आहे, मुलीचं लग्न व्हायचं आहे. ही कामं आहेत. ती कागदावर लिहून बाजूला ठेवायची आणि प्रश्न पुन्हा विचारायचा. नॉमिनीचा फॉर्म दिवसा, चष्मा लावून भरता येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री येतं: 'भावाने फसवलं.' हेही उत्तर नव्हे, कारण हे भावाचं अकुशल झालं. प्रश्न 'माझ्यात' काय उरलं हा आहे. जरा थांबल्यावर त्यांना दिसतं की मावशी, वहिनी, शेजारीण, जो भेटेल त्याला त्या एकच वाक्य ऐकवतात: 'त्याला आई-बाबांपेक्षा चौरस फूट प्यारे.' ते बोलताना आतून बरं वाटतं. हे बरं वाटणं, हे मात्र त्यांचं.

सुत्त म्हणतं, असं काही सापडलं तर डोक्याला आग लागलेला माणूस ती विझवायला जेवढा धडपडेल तेवढी धडपड करावी. पण आग विझवायची म्हणजे भावाला क्षमा करून टाकायची असं नाही. तसा निश्चय रात्री साडेदहाला सहज होतो आणि सकाळच्या चहापर्यंत टिकत नाही. उद्यापुरतं एकच लहान, दिसेल असं काम ठरवा. या बाईंचं काम: उद्या मावशीकडे विषय निघाला तर ते वाक्य बोलायचं नाही. जागेचा वाद त्यांनी सोडायचा की वकिलाकडे न्यायचा, हा वेगळा निर्णय आहे, आणि तो या दहा मिनिटांत घ्यायचा नाही.

सकाळी उठल्यावर तेच पुन्हा, पण थोडक्यात. सुत्तातही रात्र सरून दिवस उजाडला की भिक्षू हाच प्रश्न परत विचारतो. दोन मिनिटं पुरतात: रात्री जे सापडलं ते अजून आहे का, आणि आज त्याच्याशी गाठ कुठे पडणार? संध्याकाळी मावशीकडे.

काही आठवड्यांनी बहुधा उत्तर बदलतं. ते वाक्य बोलणं थांबल्यावर त्याच्याखाली काय होतं ते वर येतं. या बाईंच्या बाबतीत कदाचित हे की वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रोज जाऊन बसायचा तो भाऊच, आणि त्याची लाज त्यांना पैशांच्या हिशेबाआड लपवता येत होती. ध्यान चाललं आहे याची मी धरतो ती खूण हीच: उत्तर दुसऱ्याकडून स्वतःकडे सरकतं. महिनाभर रोज त्याच माणसाच्या नावाने उत्तर येत असेल, तर तुम्ही ध्यान करत नसून कैफियत लिहिता आहात.

आणि एखाद्या रात्री काहीच सापडलं नाही तर? सुत्ताचं उत्तर सरळ आहे: आनंदात राहावं आणि अभ्यास चालू ठेवावा. खणून खणून दोष काढत बसू नका.

उठणं

उठताना एखादं ठरलेलं वाक्य असलं तर बसणं तिथे संपतं आणि विचार अंथरुणापर्यंत पाठलाग करत नाहीत. रोमन स्टोइक सेनेका आपल्या बाराव्या पत्रात सीरियातल्या पॅक्युवियस नावाच्या अधिकाऱ्याची गोष्ट सांगतो. तो रोज रात्री दारू-मेजवानीसह स्वतःचं उत्तरकार्य करायचा आणि 'जगून झालं, जगून झालं' अशा घोषात त्याला उचलून निजायला नेत. सेनेकाचं म्हणणं असं की त्याने हे वाईट वृत्तीने केलं, आपण चांगल्या वृत्तीने करू: झोपायला जाताना म्हणू, 'जगून झालं', देवाने उद्याचा दिवस जास्तीचा दिला तर आनंदाने घेऊ. दोन शब्दच आहेत. मनात म्हणा आणि दिवा मालवा.

दिवसा, एक घास

पहिल्या सुत्तात भिक्षू आपापली मरणस्मृती सांगतात. एक म्हणतो, मी एक दिवस-रात्र जगलो तर बरं. दुसरा म्हणतो एक दिवस. कोणी एका जेवणापुरतं, कोणी चार-पाच घासांपुरतं. हे सगळे बुद्धाच्या लेखी बेसावध ठरतात. सावध ठरतात ते शेवटचे दोघे: एक घास चावून गिळेपर्यंत म्हणणारा आणि एका श्वासापुरतं म्हणणारा. आपण दिवसभर असं राहू शकत नाही. दुपारच्या डब्याचा पहिला घास मात्र फोन उलटा ठेवून, हा एवढा मिळाला असं धरून खाता येतो. त्याहून जास्त करायला गेलात तर ऑफिसात लोक चौकशी करू लागतील.

बिघडतं कुठे

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' या ध्यानावरच्या पाली ग्रंथात हे बारकाईने लिहिलं आहे. (हा ग्रंथ संपादित करणाऱ्यांपैकी एक धर्मानंद कोसंबी, ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत.) बुद्धघोष म्हणतो, प्रिय माणसाचं मरण आठवलं तर शोक होतो, नावडत्याचं आठवलं तर आनंद, परक्याचं आठवलं तर काहीच होत नाही, आणि स्वतःचं आठवलं तर धडकी भरते. चारही वेळा ध्यान चुकलेलं असतं.

शोक किंवा सूक्ष्म आनंद येत असेल, तर तुम्ही मध्येच दुसऱ्याच्या मरणाकडे गेला आहात. प्रश्नाकडे परत या. काहीच वाटत नसेल, नुसते शब्द चालले असतील, तर बुद्धघोषाचा उपाय म्हणजे ज्यांना भरल्या घरात नांदताना पाहिलं होतं आणि जे आता नाहीत अशी माणसं आठवणं. फार जवळची नकोत: सोसायटीतले, बसच्या थांब्यावरचे, आपल्या वयाचे कोणी. तिथून 'मीही' इथवर यायला मनाच्या श्लोकांतली ओळ पुरते: 'मरे एक त्याचा दुजा शोक वाहे । अकस्मात तोही पुढे जात आहे ।'

धडकी भरत असेल, छातीत धडधडत असेल, तर बहुतेकदा चित्र शिरलेलं असतं. कारणांची यादी गाळा. डोळे उघडे ठेवून 'मरण येणार, जीवित तुटणार' हे बुद्धघोषाने दिलेलं वाक्य श्वासासोबत सावकाश म्हणा आणि थेट प्रश्नावर या. तरीही लागोपाठ दोन-तीन रात्री झोप मोडली, तर रात्रीचं बसणं बंद करून नुसता श्वास पाहा. सकाळची दोन मिनिटं आणि दुपारचा घास तेवढा ठेवा. भीती दिवसाउजेडी निम्मी असते, आणि प्रश्न तोच राहतो.